फिट आली तेव्हा अळी मरत होती

*डॉक्टर, माझ्या एकोणीस वर्षांच्या मुलाला सात महिन्यांपूर्वी पहिल्यांदा फिट आली. आधी उजव्या हाताची बोटं नाचायला लागली, मग तो पडला. सीटी आणि एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये ‘न्यूरोसिस्टिसर्कोसिस, कोलॉइडल व्हेसिक्युलर स्टेज’, डाव्या बाजूला ११ मिलिमीटरची एकच गाठ, भोवती सूज. वजन ५३ किलो, रोज अल्बेंडाझोलच्या दोन गोळ्या, दहा दिवस. त्यातल्या चौथ्या दिवशी परत फिट आली, त्यानंतर आजवर नाही. आता सहा महिन्यांनी सीटी केला तर ‘३ मिलिमीटर, कॅल्सिफाइड’ असं आलंय. म्हणजे अळी मेली ना? मग फिटची गोळी आणखी दीड वर्ष कशाला? आणि माझ्या मैत्रिणीच्या वडिलांच्या डोक्यात अशा चार गाठी योगायोगाने सापडल्या. सगळ्या ‘व्हेसिक्युलर’, म्हणजे जिवंत. त्यांना एकदाही फिट नाही. जिवंत असताना काही नाही आणि मरताना त्रास, हे कसं? — एक आई*

ताई, मैत्रिणीच्या वडिलांचा प्रश्न आधी घेते. तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत.

डोक्यातली ती गाठ म्हणजे टेपवर्मची अळी, स्वतःभोवती पाण्याची पिशवी करून बसलेली. एरवी ही अळी डुकराच्या स्नायूत बसते आणि ते मांस अर्धकच्चं राहून माणसाच्या पोटात कधी जातंय याची वाट बघते. वाट बघणं हेच तिचं काम. ते वर्षानुवर्षं करायचं तर ज्याच्या अंगात मुक्काम आहे त्याच्या प्रतिकारशक्तीला सुगावा लागून चालत नाही. म्हणून ती अशी द्रव्यं सोडत राहते की आसपासच्या संरक्षक पेशी थंड बसतात. माणसाच्या मेंदूत ती वाट चुकून येते, पण सवय तीच. धडधाकट अळीभोवती म्हणूनच सूज बहुधा नसते, आणि सूज नसली की मेंदूचीही फारशी तक्रार नसते. तिच्यामुळे फिट येतच नाही असं नाही, पण कित्येक जण अशी अळी डोक्यात घेऊन वर्षं काढतात आणि त्यांना पत्ताही नसतो.

त्या काकांचा एमआरआय मी पाहिलेला नाही, पण ‘व्हेसिक्युलर’ लिहिलंय त्यावरून फिल्म कशी असेल ते सांगता येतं. साधारण सेंटिमीटरभराचे गोल, कडा पातळ आणि स्वच्छ. आतलं पाणी मेंदूभोवतीच्या पाण्यासारखंच नितळ, त्यामुळे एक पाणी काळं दिसेल त्या चित्रात दुसरंही काळंच. त्या काळ्या गोलात मधोमध नाही, एका कडेला सरकलेला, टाचणीच्या डोक्याएवढा पांढरा ठिपका. ते अळीचं डोकं, रिपोर्टमधला ‘स्कोलेक्स’. हा ठिपका खात्रीने दिसला की निदानाबद्दल वाद उरत नाही. दुसऱ्या कुठल्याच आजारात तो असा दिसत नाही. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन दिल्यावरही गोलाची कडा उजळत नाही, किंवा अगदी पुसट उजळते. कॉन्ट्रास्ट रक्तवाहिनीबाहेर पाझरतो तो जिथे दाह होऊन वाहिन्यांच्या भिंती सैल झाल्या आहेत तिथेच. इथे दाहच नाही.

आता तुमच्या मुलाची पहिली फिल्म. काही वर्षांनी अळी थकते. पिशवीची भिंत झिरपायला लागते, आतले पदार्थ बाहेर येतात आणि इतके दिवस गाफील राहिलेल्या प्रतिकारशक्तीला एकदम जाग येते. संरक्षक पेशी गोळा होतात, दाह सुरू होतो. आतलं नितळ पाणी गढूळ आणि चिकट होतं. ‘कोलॉइडल’ हा शब्द त्या चिकटपणासाठी आहे. फिल्मवर हे सगळं वाचता येतं. पाणी गढुळलं म्हणून ते आता मेंदूभोवतीच्या पाण्यासारखं काळं होत नाही. कडा जाड होते आणि कॉन्ट्रास्ट दिल्यावर अंगठीसारखी चमकते. भोवती मेंदूची सूज ढगासारखी पसरलेली दिसते. ती चमकणारी अंगठी पाहून घरची माणसं घाबरतात, त्यांना वाटतं किडा जोमात आहे. खरं तर ती शरीराने घातलेल्या वेढ्याची खूण आहे. मुलाच्या उजव्या हाताची बोटं हलवणारा भाग मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो. तिथल्या पेशींना हा दाह झोंबला आणि फिट बोटांपासून सुरू झाली. त्या दिवशी अळी मरायला टेकलेली होती.

संसर्ग आणि फिट यांच्यात किती काळ जातो याचा अंदाज एका जुन्या नोंदीतून येतो. ब्रिटिश राजवटीत भारतात नोकरी करून मायदेशी परतलेल्या सैनिकांना फिट यायला लागल्या, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी त्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. डिक्सन आणि लिप्सकोम या दोघांनी १९६१ साली अशा ४५० रुग्णांचा आढावा छापला. ब्रिटनमध्ये हा संसर्ग होण्याचा संभव फार थोडा, त्यामुळे अळी अंगात कधी शिरली असेल याचा हिशेब लावता आला. बहुतेकांना त्रास सुरू झाला तो काही वर्षांनी, आणि काहींना तर परतल्यावर कितीतरी वर्षांनी. तेव्हा गेल्या महिन्यात मुलाने बाहेर काय खाल्लं होतं, हे आठवत बसू नका.

चौथ्या दिवशी आलेल्या फिटचंही कोडं यातूनच सुटतं. डोस बरोबर होता. अल्बेंडाझोल किलोमागे १५ मिलिग्रॅम धरतात. ५३ किलोंना रोज ७९५, म्हणजे ४०० च्या दोन गोळ्या. पण हे औषध अळीचं मरण लवकर ओढवतं, आणि मरण लवकर आलं की दाहही एकदम उसळतो. औषध सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात डोकं दुखणं, उलटी, फिट हे होऊ शकतं. त्यासाठीच अळीचं औषध सुरू करायच्या आधी स्टिरॉइड सुरू करतात, आणि फिटची गोळी त्याच्याही आधीपासून चालू असते. एवढं करूनही एखादी फिट निसटतेच. त्याचा अर्थ औषध चुकलं असा होत नाही. पण ती फिट हिशेबातून जातही नाही. तिच्याकडे पुढे परत येते.

मध्ये एक गोष्ट सांगून टाकते, कारण अशा रिपोर्टवर हमखास आणखी एक शब्द असतो आणि तो वाचून लोकांची झोप उडते: ‘किंवा ट्युबरक्युलोमा’, म्हणजे क्षयाची गाठ. अंगठीच्या टप्प्यात दोन्ही गाठी सारख्या दिसू शकतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या राजशेखर आणि चांडी यांनी नव्वदच्या दशकात यासाठी साधे निकष तपासून मांडले: फिट हे लक्षण, गाठ एकच, कॉन्ट्रास्ट घेणारी, २० मिलिमीटरहून लहान, मेंदूची मधली रेघ सरकेल इतकी सूज नाही, मेंदूवरचा दाब सतत वाढलेला नाही, हातापायातली ताकद दिवसेंदिवस कमी होत नाही आणि अंगात दुसरा सक्रिय आजार नाही. हे सगळं जुळलं तर ती सिस्टिसर्कसची, म्हणजे या अळीचीच गाठ असण्याची शक्यता फार मोठी. तुमच्या मुलाचं, तुम्ही लिहिलंय त्यावरून, जुळतं. आणि आता त्याहून भक्कम पुरावा तुमच्या हातात आहे: क्षयाचं एकही औषध न देता गाठ ११ वरून ३ मिलिमीटरवर आली आणि तिचा खडू झाला. सहा महिन्यांनंतरचा स्कॅन म्हणूनच चुकवायचा नसतो. गाठ तेवढीच राहिली असती किंवा वाढली असती, तर निदानाचाच पुन्हा विचार करावा लागला असता.

पहिल्या आणि आताच्या स्कॅनच्या मधला एक टप्पा तुम्हाला दिसलाच नाही. त्याला ‘ग्रॅन्युलर नोड्युलर’ म्हणतात. पिशवीतलं पाणी संपतं, भिंत आक्रसून आत बसते, अंगठीचा भरीव मणी होतो आणि सूज ओसरायला लागते. त्यापुढे दोन वाटा आहेत. काहींची गाठ मागे काही न ठेवता विरघळते, काहींची कॅल्शियम साचून खडूच्या कणासारखी कडक होते. व्हेसिक्युलर, कोलॉइडल, ग्रॅन्युलर आणि कॅल्सिफाइड असे जे चार टप्पे सांगतात ते शिकवायच्या सोयीसाठी. प्रत्यक्षात एक दुसऱ्यात मिसळत जातो आणि एकाच माणसाच्या डोक्यात वेगवेगळ्या गाठी वेगवेगळ्या टप्प्यावर असू शकतात. दोन रेडिओलॉजिस्टांनी एकाच गाठीला शेजारशेजारच्या टप्प्यांची नावं दिली, तर त्यात कुणी चुकलंय असं समजू नका.

खडूच्या कणाची मात्र एक अडचण आहे, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकले. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत एका मुलीचा सहा महिन्यांनंतरचा एमआरआय माझ्यासमोर आला. सूज नाही, अंगठी नाही, गाठ कुठे दिसेना. मी आनंदाने ‘विरघळली’ म्हणून सांगितलं आणि गोळी हळूहळू बंद केली. तीन महिन्यांनी तिला फिट आली. या वेळी साधा सीटी केला, कॉन्ट्रास्टशिवाय, तर जुन्या जागी लख्ख पांढरा ठिपका. एमआरआयच्या नेहमीच्या चित्रांत कॅल्शियमचा एवढासा कण सहज हरवतो. तो पकडायला एमआरआयमध्येच वेगळ्या प्रकारचं चित्र काढावं लागतं आणि ते मी मागवलं नव्हतं. सीटीवर तो हाडासारखा पांढरा उठून दिसतो. उलट पिशवीतला स्कोलेक्स, सूज, कोपऱ्यातल्या लहान गाठी हे एमआरआयचं काम. म्हणून या आजारात दोन्ही लागतात. तुमच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांनी सीटी सांगितला तो उगीच नाही.

आता गोळीचं. अळी मेली आहे, हे तुमचं बरोबर. कॅल्सिफाइड गाठीत मारायला काही उरलेलं नसतं, म्हणून अल्बेंडाझोलचा दुसरा कोर्स कुणी सुचवला तर घेऊ नका. त्याचा काही उपयोग नाही. पण फिटची गोळी अळीवर कधीच नव्हती. ती आहे मेंदूच्या त्या चिडलेल्या जागेसाठी. अळी गेली तरी तिच्या जागी व्रण राहिला आहे आणि व्रणात खडू. हा खडूही पूर्ण मुका नसतो. त्यात अळीचे अवशेष अडकलेले असतात आणि ते अधूनमधून उघडे पडून प्रतिकारशक्तीला डिवचतात, असा समज आहे. एवढं नक्की की वर्षानुवर्षं शांत असलेल्या खडूभोवती कधीतरी अचानक सुजेचा ढग दिसतो, फिट येते आणि काही आठवड्यांत तो ढग विरूनही जातो.

एकच गाठ असेल, ती पूर्ण विरघळली असेल आणि मधे फिट आली नसेल, तर साधारण सहा महिन्यांनी गोळी कमी करायचा विचार करता येतो. तीन गोष्टी ही मुदत लांबवतात: सीटीवर खडू राहणं, उपचार चालू असताना फिट येणं, आणि आजारात एकूण दोनपेक्षा जास्त फिट येणं. तुमच्या मुलाच्या बाबतीत पहिल्या दोन आहेत, त्यातली दुसरी म्हणजे तो चौथा दिवस. अशा रुग्णांना निदान दोन वर्षं गोळी देतात. सात महिने झाले, उरलं दीड वर्ष. तुमच्या डॉक्टरांचा आकडा तिथूनच आला असणार. दोन वर्षांनी ती आपोआप बंद होईल असंही समजू नका. तेव्हा मधल्या काळात फिट आली का हे पाहतील, कदाचित ईईजी काढतील, आणि मग महिन्यामहिन्याने उतरवतील. एकोणीस वर्षांच्या मुलांची या बाबतीत एक खोड असते: बरं वाटलं की परीक्षेच्या आदल्या रात्री जागरण करायचं आणि त्याच गडबडीत गोळी राहते. फिट नेमकी अशा रात्रीनंतर येते. गाडी चालवणं आणि एकट्याने पोहणं डॉक्टर हो म्हणेपर्यंत नको.

या काळात फिट आलीच तर? ती पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट इमर्जन्सी. एरवी डॉक्टरांना कळवा आणि एमआरआय लवकर, शक्यतो आठवड्याभरात व्हावा असं बघा, कारण तो सुजेचा ढग महिन्याभराने सापडेलच असं नाही. ढग सापडला तर कारण कळलं आणि नवी अळी नाही याची खात्रीही झाली. त्यावर अळीचं औषध लागत नाही. स्टिरॉइडही सरसकट देत नाहीत. ते थांबवलं की सूज उलटून येण्याची भीती असते. फिटच्या औषधाचा डोस जुळवून घेणं हाच मुख्य उपाय.

मैत्रिणीच्या वडिलांना मात्र माझा निरोप आजच द्या: फिट नाही म्हणून स्वस्थ बसायचं नाही, आणि कुणाचं ऐकून दुकानातून अल्बेंडाझोल आणून घ्यायचं तर मुळीच नाही. आत्ता त्यांच्या चारही अळ्या शांत आहेत. त्या औषधाने एका वेळी मरायला लागल्या तर चार ठिकाणी एकदम दाह उठेल, आणि अंगात स्टिरॉइड नसेल तर ते जिवावरही बेतू शकतं. आधी न्यूरॉलॉजिस्टला फिल्म दाखवायची. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांत एखादी गाठ अडकलेली नाही ना, हे बघायचं. तिथली गाठ पाण्याचा रस्ता बंद करू शकते आणि तिचा मार्ग पुष्कळदा शस्त्रक्रियेचा असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घ्यायचा, कारण डोळ्यात अळी असेल तर औषधाने तिथेच दाह होऊन नजर जाऊ शकते. दोनपेक्षा जास्त जिवंत गाठी असल्या तर अल्बेंडाझोलच्या जोडीला प्राझिक्वान्टेल देतात, स्टिरॉइडच्या संरक्षणाखाली आणि पहिले काही दिवस नजरेसमोर ठेवून.

आणखी एक काम तुमच्या घरचं. मेंदूतली अळी मांस खाऊन येत नाही. डुकराचं अर्धकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात टेपवर्म होतो. मेंदूत अळी जाते ती टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतली अंडी हातावरून, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीवरून पोटात गेली तर. त्यामुळे मांस न खाणाऱ्यालाही हे होतं, आणि कधी कधी तो टेपवर्म बाळगणारा माणूस घरातला किंवा घरात स्वयंपाक करणारा असतो. त्याला स्वतःला बहुधा काहीच जाणवत नाही. घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी करून घ्या, एकदा निगेटिव्ह आली तर दोन-तीन वेळा, कारण अंडी रोज पडत नाहीत. कुणात सापडला तर डॉक्टरांनी दिलेल्या औषधाच्या एकाच डोसात तो सहसा जातो.

दोन्ही स्कॅनच्या सीडी जपून ठेवा, नुसते रिपोर्ट नकोत. दीड वर्षाने जो डॉक्टर गोळी उतरवायला बसेल त्याला ती ११ मिलिमीटरची अंगठी आणि हा ३ मिलिमीटरचा ठिपका एकाच जागी आहेत, हे डोळ्यांनी बघायचं असेल.